पाळीच्या आधीचा एक किलो

पाळीच्या आधीच्या आठवड्यात वजनकाटा अर्धा ते दीड किलो जास्त दाखवतो आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत पुन्हा खाली येतो. हा अनुभव बहुतेक स्त्रियांचा आहे. काहींना फरक जाणवतही नाही, काहींना दोन किलोपर्यंत जाणवतो. साडीचे ब्लाउज काखेत आवळते, बोटातली अंगठी निघत नाही, पोट गच्च वाटते, छाती दुखरी होते. त्यातच संध्याकाळी काहीतरी चमचमीत किंवा गोड खावेसे वाटते. खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी काटा वर गेला की दोन्हींची सांगड घातली जाते आणि दोष फरसाणाच्या डब्यावर जातो. खरे तर त्या वाढीत चरबीचा वाटा फार थोडा असतो. बाकीचे असते पाणी आणि पोटात रेंगाळलेले अन्न.

प्रौढ स्त्रीचे पाळीचक्र 21 ते 35 दिवसांचे असू शकते. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरतात. 28 दिवसांच्या चक्रात साधारण मध्यावर स्त्रीबीज बाहेर पडते. तोवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे राज्य असते. पुढचे सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन वाढलेले राहते आणि गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके झपाट्याने उतरून पाळी येते. खाणे, पाणी आणि वजन यांतले बदल या दुसऱ्या पंधरवड्यात घडतात.

पाणी साचण्यामागे मूत्रपिंडांचे मिठाचे गणित आहे. शरीरात मीठ राखून ठेवण्याचे काम अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक करते. प्रोजेस्टेरॉन त्याच्या आड येते, त्यामुळे लघवीवाटे थोडे जास्त मीठ निघून जाऊ लागते. शरीर गप्प बसत नाही. ही गळती भरून काढण्यासाठी ते अल्डोस्टेरॉन आणखी तयार करते. जोडीला इस्ट्रोजेनमुळे पाणी धरून ठेवण्याचा इशारा नेहमीपेक्षा लवकर मिळतो आणि रक्तवाहिन्यांतले थोडे पाणी बाहेरच्या ऊतींमध्ये झिरपते. या ओढाताणीत कुणाच्या अंगात किती पाणी उरेल हे व्यक्तीगणिक बदलते. संप्रेरकांची रक्तातली पातळी मोजून ते आधी सांगता येत नाही, म्हणून केवळ सुजेसाठी ‘हार्मोन्सच्या सगळ्या तपासण्या’ करून फारसे काही हाती लागत नाही.

ही सूज पाळीच्या आधी सर्वाधिक असते असा समज आहे. कॅनडात 62 स्त्रियांनी वर्षभर रोज आपल्या सुजेची नोंद ठेवली. 765 चक्रांच्या त्या नोंदींत सूज सर्वांत जास्त आढळली ती रक्तस्रावाच्या पहिल्याच दिवशी, आणि सर्वांत कमी पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 42 स्त्रियांचे वजन आणि अंगातले पाणी मोजले गेले. पाळी चालू असताना वजन साधारण 450 ग्रॅम जास्त भरले आणि ही वाढ जवळपास सगळी पेशींबाहेरच्या पाण्याची होती. ही सरासरी आहे. एखाद्या स्त्रीचा काटा त्याच्या दुप्पट-तिप्पट हलला तरी त्यात लगेच आजार शोधण्याचे कारण नाही.

खाण्यातले मीठ यात भर घालते. दवाखान्यातल्या साध्या सलाइनच्या एक लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, कारण शरीरातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच असतो. याचाच अर्थ, शरीरात 3 ग्रॅम मीठ जास्तीचे अडकून राहिले तर त्याच्यासोबत पाव लिटरहून अधिक पाणी थांबते. निरोगी मूत्रपिंडे एक-दोन दिवसांत ते बाहेर टाकतात. पण लोणचे, पापड, वेफर्स, शेव यांचे पाळीच्या आधीच्या दिवसांत सतत येणे-जाणे असले की काटा वरच राहतो. गोड आणि पिठूळ पदार्थांचेही असेच. त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते आणि साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरले जाते.

पोट फुगणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती पाण्याशी घालून गोंधळ होतो. प्रोजेस्टेरॉन आतड्याचे स्नायू सैल करते, अन्न हळू सरकते, बद्धकोष्ठ होते, वायू धरतो. कमरेला परकराची नाडी रुतते, पण काटा तितका हललेला नसतो. पाळी सुरू होताना गर्भाशयात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स शेजारच्या आतड्यालाही डिवचतात, म्हणून पहिल्या दिवशी अनेकींना दोन-तीनदा शौचाला जावे लागते. काही वेळा पातळही होते. एका रात्रीत वजन अर्ध्या किलोने उतरल्याचा आनंद बऱ्याचदा एवढ्यावरच आधारलेला असतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका स्त्रीचे चक्र 28 दिवसांचे आहे आणि ती रोज सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत वजन करते. आठव्या दिवशी काटा 57.9 किलो दाखवतो. तेविसाव्या दिवशी 58.2. पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी 59.2. म्हणजे शेवटच्या सहा दिवसांत एक किलो वाढला. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. हा किलो चरबीचा असता तर तिने गरजेपेक्षा रोज सुमारे 1,280 कॅलरी जास्त खाल्लेल्या असायला हव्यात. एका वडापावात अंदाजे 300 कॅलरी धरल्या तर नेहमीचे जेवण पूर्ण करून वर रोज चार वडापाव, तेही सलग सहा दिवस. असे झाले असते तर तिच्या नक्कीच लक्षात राहिले असते. पाचव्या दिवशी तिचे वजन 58.1 आणि आठव्या दिवशी पुन्हा 57.9 भरते. खरी चरबी एका आठवड्यात अशी नाहीशी होत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. वजन कमी करण्याचा एखादा कार्यक्रम आठव्या दिवशी सुरू झाला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा वजन घेतले, तर तीन आठवड्यांत खरोखर उतरलेला एक किलो पाण्याखाली झाकला जातो आणि स्त्री हताश होऊन पथ्य सोडते. उलट, पहिल्या दिवशी सुरुवात करून आठव्या दिवशी वजन घेतले की काहीही न करता किलोभर उतरल्यासारखे दिसते. ‘सात दिवसांत एक किलो’ अशा जाहिरातींना यातले दोन-चार तरी समाधानी ग्राहक मिळत असणार. तुलना करायची तर चक्रातल्या त्याच दिवसाची करावी, आणि त्यासाठी पाळीनंतरचा सहावा ते नववा दिवस सर्वांत भरवशाचा. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीचे आठव्या दिवसाचे वजन तीन महिन्यांत 57.9, 58.0, 57.8 असे असेल तर तिचे वजन स्थिर आहे, मधला चढउतार कितीही मोठा असो. तेच 57.9, 58.6, 59.3 असे असेल तर पाळीला दोष देऊन चालणार नाही. ते वजन खरेच वाढते आहे.

खाण्याच्या इच्छेला शरीराचे थोडे पाठबळ आहे, पण समजले जाते तितके नाही. चक्राच्या दुसऱ्या पंधरवड्यात शरीराचे तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढते आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्चही किंचित वाढतो. भूकही वाढते. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा या काळात दिवसाला सरासरी 168 कॅलरी जास्त खाल्ल्या जातात असे दिसले. एक लाडू किंवा मूठभर शेंगदाणे, इतकेच. बारा दिवस हे चालले आणि त्यातले काहीच खर्ची पडले नाही असे धरले तरी चरबी 250 ग्रॅमच्या आसपास वाढेल. प्रत्यक्षात काही भाग वाढलेल्या खर्चात जातो आणि पाळीनंतर भूक ओसरल्यावर उरलेलेही भरून निघते.

कोणता पदार्थ खावासा वाटतो, हे मात्र संप्रेरकांपेक्षा वाढलेल्या वातावरणावर जास्त ठरते. अमेरिकेत पाळीच्या आसपास चॉकलेट हवेसे वाटणे इतके सर्वमान्य आहे की शरीराला मॅग्नेशियम कमी पडते म्हणून चॉकलेटची ओढ लागते, असे स्पष्टीकरणही रूढ झाले. ते टिकत नाही. बदाम, तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांत मॅग्नेशियम भरपूर असते, पण त्यांच्यासाठी रात्री कुणी डबे उघडत नाही. स्पेनमधल्या स्त्रियांत चॉकलेटची ही पाळीशी जोडलेली ओढ अमेरिकी स्त्रियांपेक्षा कमी आढळली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात परदेशात जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा अमेरिकेत वाढलेल्यांनी ती बरीच जास्त नोंदवली. महाराष्ट्रात त्याच दिवसांत पाणीपुरी, भेळ, चिंच, मिसळ किंवा गोडाचा शिरा आठवतो. भूक शरीराची असते, तिला चव पुरवते ती सवय. शिवाय एरवी स्वतःला बंदी घातलेला पदार्थच या दिवसांत हवासा वाटतो, कारण ‘पाळी आहे, चालतं’ ही मुभा मिळते. महिनाभर काटेकोर पथ्य पाळणाऱ्या स्त्रियांत ही ओढ अनेकदा जास्त तीव्र दिसते ती यामुळे. त्या दिवसांत दुपारच्या जेवणात डाळ, उसळ, अंडे किंवा दही यांचे प्रमाण थोडे वाढवले आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास काही पोटभरीचे खाल्ले तर रात्रीची तडफड कमी होते.

एका प्रकारची ओढ मात्र वेगळी काढून पाहावी लागते. पाटीवरची पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ, राख किंवा सतत बर्फ खावासा वाटणे हा पाळीचा सामान्य भाग नव्हे. खेडोपाडीच नव्हे, शहरांतही पर्समध्ये पेन्सिलींचा खोका बाळगणाऱ्या स्त्रिया असतात आणि लाजेने त्या डॉक्टरांनाही सांगत नाहीत. अशी ओढ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, आणि पाळीशी तिचा संबंध रक्तस्रावातून येतो. दर तासाला पॅड भिजून बदलावे लागणे आणि हे काही तास चालणे, सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणे, मोठ्या गाठी पडणे, यांतले काही असेल तर महिन्याला जाणारे लोह जेवणातून भरून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्यामुळे हे दुर्मीळ प्रकरण नाही. तपासणीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही पाहावे, कारण हिमोग्लोबिन घसरण्याआधीच लोहाचा साठा संपलेला असू शकतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर ही ओढ बहुधा हिमोग्लोबिन पुरते भरून येण्याच्या आधीच जाते. माती खाणारीच्या पोटात जंतही असू शकतात, त्यांचेही औषध घ्यावे लागते.

खाण्यातला दुसरा बिघाड मनाच्या बाजूचा आहे. पाळीच्या आधी दोन लाडू जास्त खाणे वेगळे, आणि पोट दुखेपर्यंत, लपून, थांबता न येता खात राहणे आणि मग उलटी काढणे किंवा दोन दिवस उपाशी राहणे वेगळे. पाळीच्या आधी ते वाढत असले तरी तो खाण्याचा विकार आहे आणि त्याला मानसोपचार लागतो. खाण्याच्या ओढीसोबत तीव्र चिडचिड, रडू, निराशा, माणसांशी तुटेपर्यंत भांडणे असे दर महिन्याला पाळीच्या आधीच्या आठवड्यात होत असेल आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत पूर्ण निवळत असेल, तर पाळीपूर्व तीव्र मनोविकार असण्याची शक्यता असते. 2013 पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. त्याचे निदान आठवणीवर विसंबून करत नाहीत, निदान दोन चक्रे रोजची नोंद पाहतात. कॅलेंडरवर त्या त्या तारखेला सूज, भूक, मूड यांना शून्य ते तीन गुण दिले तरी पुरते. पाळीनंतरच्या आठवड्यातही गुण उतरत नसतील तर कारण पाळीबाहेर शोधावे लागते.

सुजेवर स्वतःच्या मनाने करण्याच्या उपायांत सर्वांत घातक म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. औषधाच्या दुकानातून मागून घेतलेली अशी गोळी रात्रीत किलोभर पाणी काढते आणि अंगठी सैल होते. पण शरीराला पाणी घटल्याचे कळताच ते अल्डोस्टेरॉन वाढवते, आणि गोळी थांबवल्यावर आधीपेक्षा जास्त पाणी धरले जाते. मग ती सूज पाहून पुन्हा गोळी. काही महिन्यांत पोटॅशियम घसरून पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो. सूज फारच त्रासदायक असेल तर डॉक्टर स्पिरोनोलॅक्टोन हे अल्डोस्टेरॉनला अडवणारे औषध फक्त दुसऱ्या पंधरवड्यापुरते देतात. गर्भधारणेची शक्यता असताना ते चालत नाही. पाणी कमी पिऊन सूज उतरत नाही, कारण ती मिठाने धरलेली असते. ताटात वरून मीठ न घेणे आणि ते काही दिवस लोणचे-पापड बाजूला ठेवणे हा साधा उपाय त्यापेक्षा बरा. कॅल्शियमला थोडा आधार आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत रोज 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्या स्त्रियांचा एकूण त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत 48 टक्क्यांनी घटला, त्यात सूज आणि खाण्याची ओढ दोन्ही होते. पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचाही 30 टक्क्यांनी घटला होता, हेही त्याच चाचणीत आहे.

सणवार किंवा घरचे कार्य आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे हे औषध चालू असेपर्यंत पोट फुगणे, छाती दुखणे, अंग जड होणे हे सगळे लांबते, आणि गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येऊन ओसरते. गौरी-गणपतीनंतर वाढलेल्या वजनात मोदकांचा वाटा असतोच, पण या गोळ्यांचाही असू शकतो. रक्ताची गुठळी पूर्वी झालेल्या स्त्रीने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. सरकारी दवाखान्यांत मिळणाऱ्या ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने मात्र काही स्त्रियांचे वजन खरोखर वाढते. ते पाणी नसते आणि महिन्याच्या लयीने खालीवर होत नाही.

चक्रातली सूज ओळखण्याची मुख्य खूण ही लयच आहे. ती येते आणि पाळी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत जाते. दुसरी खूण बोटाने पाहता येते. नडगीच्या हाडावर अंगठा पाच-सहा सेकंद दाबून काढला आणि खळगा तसाच राहिला तर अंगात दोन-अडीच लिटरहून जास्त पाणी साठलेले असू शकते. पाळीच्या सुजेत सहसा इतके पाणी नसते. सकाळी उठल्यावर पापण्या सुजणे आणि लघवीला फेस येणे हे मूत्रपिंडाकडे बोट दाखवते, चालताना किंवा आडवे पडल्यावर धाप लागणे हृदयाकडे. एकच पाय सुजून दुखत असेल तर शिरेतल्या गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवावे. पाळी 35 दिवसांपेक्षा लांबत चालली आहे, हनुवटीवर केस येत आहेत आणि वजन चढते आहे असे असेल तर पीसीओएसची तपासणी करतात. थंडी सोसवत नाही, त्वचा कोरडी पडली आणि बद्धकोष्ठ कायमचे झाले तर थायरॉइडची. आणि पाळी चुकली असताना छाती दुखत व पोट जड वाटत असेल तर सगळ्यांत आधी गर्भधारणेची चाचणी करावी.

पोट फुगण्याचे वेगळे भान चाळिशी-पन्नाशीनंतर ठेवावे लागते. पाळी अनियमित झालेली असते किंवा थांबलेली असते, तरी ‘पाळीचंच असेल’ किंवा ‘गॅस झालाय’ असे म्हणून महिने जातात. महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस पोट फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे हे नव्याने सुरू झाले असेल तर बीजांडकोशाच्या कर्करोगाची शक्यता तपासतात. त्यासाठी सीए-125 ही रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी पुरेशी सुरुवात असते. अशा पोटाबरोबर वजन वाढेलच असे नाही. कंबर वाढते आणि हातपाय मात्र बारीक होत जातात.